ब्रेस्ट, थाय, टंगडी की विंग्स: रोजच्या जेवणासाठी नक्की काय घ्यावं?

चिकनवाल्याकडे जाऊन नुसतं "अर्धा किलो बोनलेस" म्हटलं की तो बहुतेक वेळा ब्रेस्टच देतो, कारण ते कापायला सोपं आणि दिसायलाही स्वच्छ. जिमवाले तर मागतातच ब्रेस्ट. मी पण बरीच वर्षं तेच आणायचो. हल्ली मात्र आमच्याकडे जास्त करून थाय येतं, ते का ते सांगतो, तुमचं गणित वेगळं असू शकतं.

आधी फॅटचं बोलू, कारण सगळे तिथेच अडतात. शिजवलेल्या, कातडी काढलेल्या १०० ग्रॅम मांसात ब्रेस्टमध्ये साधारण साडेतीन ग्रॅम फॅट, टंगडीत पाच-सहा, आणि थायमध्ये आठ-दहा ग्रॅम. ऐकायला दुप्पट-तिप्पट वाटतं आणि आहेच, पण ताटात १५० ग्रॅम मांस घेतलं तर ब्रेस्ट आणि थायमधला फरक होतो आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन छोटे चमचे तेल. आता कोरडं झालेलं ब्रेस्ट गिळता यावं म्हणून आपण वरून बटर, मेयो नाहीतर काजूची ग्रेव्ही घालतो, त्यात हा फरक कधीच बुडून जातो. अर्थात तुम्ही खरंच मोजूनमापून खाणारे असाल, डाएटिशियनने सांगितलं असेल, तर ब्रेस्टला पर्याय नाही हे मान्य.

विंग्सचं गणित सगळं कातडीवर. कातडीसकट शिजवलेल्या विंग्समध्ये १०० ग्रॅमला वीसेक ग्रॅम फॅट असतं. आपल्याकडे कोंबडी बहुतेक दुकानांत सोलूनच देतात, आणि सोललेल्या विंगमध्ये हाडाला चिकटलेलं थोडंसं मांस सोडलं तर खायला काही उरत नाही, शिवाय कातडी नसली की ती कुरकुरीतही होत नाही. म्हणून विंग्स घ्यायचे तर "स्किनसकट द्या" असं आधीच सांगायचं, घरी आणून पुसून कोरडे करायचे, मीठ लावून तासभर फ्रिजमध्ये उघडेच ठेवायचे आणि एअर फ्रायरला २०० डिग्रीवर वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून. कातडीतली चरबी वितळून मांसाला सांभाळते त्यामुळे कोरडे पडायची भीती फारशी नाही. पण हे चखण्याचं खाणं, चार माणसांचं जेवण यात होत नाही.

आता मला ब्रेस्टपासून तोडणारी गोष्ट. ताजं, तव्यावरून उतरवलेलं ब्रेस्ट मला आजही आवडतं. जाड पीस आडवा चिरून अर्ध्या इंचाचा केला, अर्धा तास मीठ लावून ठेवला, मग कडक तव्यावर एका बाजूने तीन-चार मिनिटं, दुसऱ्या बाजूने दोन-तीन, आणि उतरवल्यावर पाच मिनिटं तसाच ठेवून मग रेषांच्या आडवा कापला तर मस्त रसाळ लागतो. थर्मामीटर असेल तर मधोमध ७१-७२ डिग्री दिसले की उतरवायचं, जाड पीस असेल तर ताटलीत ठेवल्यावर तो आपणहून ७४ पर्यंत चढतो, तेवढा चढला की झालं, नाही चढला तर परत मिनिटभर तव्यावर. पण आमच्या घरी सगळे एका वेळी जेवतच नाहीत! एक आठला, एक साडेनऊला, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी डब्यात. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमधून दुसऱ्यांदा गरम होऊन आलेलं ब्रेस्ट म्हणजे कडा रबरासारख्या, मधला भाग भुसभुशीत आणि दातात अडकणारे धागे, पुढची सगळी मीटिंग जिभेने तो धागा काढण्यात जाते. वैताग यायचा नुसता.

त्यात गंमत अशी की लोकांना वाटतं रश्श्यात असलं की मांस कोरडं पडत नाही. पडतं, चांगलंच पडतं. गरम होताना मांसाचे धागे आखडतात आणि आतलं पाणी बाहेर पिळून टाकतात, ६५-७० च्या पुढे तर भराभर, आणि उकळता रस्सा असतो शंभरच्या आसपास. ते पाणी रश्श्यात जातं, रस्सा काही परत आत शिरत नाही. त्यामुळे वर तर्री आणि खाली कोरडा ठक्क तुकडा. ब्रेस्ट रश्श्यात घालायचंच असेल तर मसाला पूर्ण शिजल्यावर, शेवटच्या सात-आठ मिनिटांत मंद आचेवर घालायचं. आणि मऊ पडेल म्हणून लिंबू लावून रात्रभर ठेवू नका, त्याने वरचा थर पिठूळ होतो आणि आत काहीच फरक पडत नाही.

थायचे धागेही आखडतातच, पण त्यात चरबी जास्त आणि धाग्यांना बांधून ठेवणारं कोलॅजनही जास्त. कोंबडी दिवसभर पायांवर चालते, छातीचे स्नायू तिने उडण्यासाठी कधी वापरलेलेच नसतात, म्हणून हा फरक. हे कोलॅजन सावकाश वितळून जिलेटिन होतं आणि तोच तो गुळगुळीतपणा. म्हणून थाय ७४ ला खाण्यालायक असलं तरी चवीला ८०-८५ ला लागतं, त्याआधी जरा चिवटच. आमचं नेहमीचं सुकं असं: हळद, मीठ, आलं-लसूण लावलेले हाडासकट थायचे तुकडे, कांदा तांबूस झाल्यावर कढईत, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर वीसेक मिनिटं, मग भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण आणि अजून दहा मिनिटं. हाडाशी मांस सैल होऊन सरकलं की झालं. दहा मिनिटं जास्त राहिलं तरी काही बिघडत नाही आणि दुसऱ्या दिवशी डब्यात तर मला उलट जास्तच आवडतं.

थायला कटकट नाही असं नाही. चरबीचे गोळे आणि शिरा काढत बसावं लागतं, आणि बोनलेस थाय मागितलं की दुकानदार तोंड वाकडं करतो. मी फुल लेग घेतो, सांध्यातून मांडी आणि टंगडी वेगळी करून घेतो आणि गर्दी नसेल तर मांडीचं हाड काढून मागतो.

मग टंगडी आपोआप उरते. मुलं तीच उचलतात त्यामुळे तक्रार नाही, पण ती एका टोकाला जाड, एका टोकाला बारीक, वर करपते आणि हाडाशी कच्ची राहते. हाडापर्यंत दोन-तीन खोल चिरा देऊन दह्याच्या मसाल्यात मुरवायची आणि ओव्हनमध्ये २०० वर पस्तीस-चाळीस मिनिटं. हाडाजवळ लालसर दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, ब्रॉयलर कोवळा असतो, हाडातल्या मज्जेचा रंग झिरपतो. चिरेतून येणारं पाणी पण लाल असेल तर मात्र परत आत, आणि थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता टोचून बघायचं. कोरडेपणात ही थायच्या जवळपास, फक्त घोट्याकडच्या त्या टणक शिरा मला खाताना आवडत नाहीत.

ब्रेस्ट आमच्याकडे अजूनही येतं, सँडविच नाहीतर सॅलड करायचं असेल आणि लगेच खायचं असेल तेव्हा. खिमा मात्र थायचाच सांगतो. ब्रेस्टचा खिमा पाच मिनिटांत मोकळा आणि कोरडा होतो, आणि पावाबरोबर खाताना घशाखाली उतरवायला पाणी प्यावं लागतं.