चेक-आउटचा दिवस : बीएएमएस-बीएचएमएस झाल्यावर गोव्यात काय करावं?

शिरोड्याच्या कॉलेजांतून बाहेर पडणारी मुलं दरवर्षी मला हा प्रश्न विचारतात. आयुर्वेदवाले विचारतात आणि होमिओपॅथीवालेही. रिसॉर्ट, संशोधन आणि स्वतःचं क्लिनिक या तिन्ही ठिकाणी मी राबलो आहे. आता फोंड्याजवळ एका खोलीत बसतो, त्यामुळे माझं मत कुठे झुकणार ते ओळखायला वेळ लागणार नाही. तरीही ऐका.

वेलनेसची नोकरी पहिल्या वर्षी सगळ्यात गोड वाटते. पगार वेळेवर मिळतो, जेवणाची सोय असते, पाहुणे नम्रपणे बोलतात. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तर श्वास घ्यायला सवड नसते. शिरोधारा, अभ्यंग, पत्रपोटली यांत हात बसतो. कॉलेजात दोन-चारदा पाहिलेली कर्मं इथे रोज करायला मिळतात, हा फायदा मी नाकारणार नाही. पण मला तिथून उठवलं ते एका साध्या गोष्टीनं, चेक-आउटच्या तारखेनं.

एक पाहुणी आली होती, पन्नाशीची, जर्मन. नऊ रात्री आणि ‘पंचकर्म डिटॉक्स’ असं पॅकेज. तिला विरेचन हवं होतं, म्हणजे औषधानं जुलाब करवून शरीर साफ करायचं कर्म. आता हिशोब करू. दीपन-पाचनाला, म्हणजे भूक आणि पचन सुधारायला, दोन दिवस. मग स्नेहपान: 30 मिलीपासून सुरू करून रोज तुपाची मात्रा वाढवत कमीत कमी तीन दिवस, आणि लागलं तर सात दिवसांपर्यंत. त्यानंतर अभ्यंग-स्वेदनाचे, म्हणजे तेल चोळून घाम आणायचे, तीन दिवस, चौथ्या दिवशी विरेचन. पुढे संसर्जन क्रम, म्हणजे पेज, मग विलेपी, मग मुगाचं कढण असं करत नेहमीच्या जेवणावर येणं. शरीराचं शोधन हलकं झालं तर त्याला तीन दिवस, चांगलं झालं तर सात. सगळं कमीत कमी धरलं तरी बारा दिवस होतात. माझ्याकडे नऊ रात्री होत्या. पहिली प्रवासाच्या थकव्यात गेली आणि शेवटच्या रात्रीनंतर सकाळी विमान.

मी सांगितलं की विरेचन नको, अभ्यंग-स्वेदन करू आणि एखादी मात्राबस्ती, म्हणजे तेलाचा छोटा एनिमा, देऊ, तेवढ्यानंही बरं वाटेल. वरच्या माणसानं ब्रोशर पुढे केलं. त्यात ‘विरेचन’ छापलेलं होतं आणि पैसे आगाऊ आले होते. मग कापाकापी सुरू झाली. दीपन-पाचन गेलं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशी तूप दिलं. चौथ्या दिवशीही मलात स्निग्धता दिसत नव्हती, तुपाचा कंटाळा आला नव्हता, त्वचा होती तशीच होती. म्हणजे स्नेहन पुरं झालेलं नाही, हे समोर दिसत होतं. तरी सातव्या दिवसापर्यंत स्वेदन उरकून आठव्या दिवशी जुलाबाचा त्रिवृत् लेह दिला. जुलाबाचे वेग जेमतेम आले, पोट मुरडत राहिलं. नवव्या दिवशी दोन्ही वेळा पेज दिली आणि संध्याकाळी ती किनाऱ्यावर कोळंबीची करी खाऊन आली. मी रागावलो नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला पेजेवर कसं बांधून ठेवणार?

दहाव्या दिवशी सकाळी ती हसत निघून गेली आणि पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. अग्नी सावरला की मंदावला, पोट आठवडाभर फुगलेलं राहिलं का, काही नाही. चांगला अभिप्राय मात्र आला, तो स्विमिंग पूलबद्दल होता. अशा पाहुण्यांची मोजदाद केल्यावर लक्षात आलं की दोन हंगामांत एकाही विरेचनाचा शेवट मी पाहिलेला नाही. सगळीकडे असंच असेल असं म्हणत नाही. चौदा-एकवीस दिवसांखाली शोधन करायचंच नाही, अशी शिस्त पाळणारी केंद्रंही असतात. मुलाखतीत पगाराआधी हेच विचारा: पॅकेजमधलं कर्म रद्द करायचा अधिकार वैद्याला आहे का? उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून जा.

होमिओपॅथीवाल्यांना हा मोह फारसा नसतो, कारण रिसॉर्टला त्यांची गरज वाटत नाही.

संशोधनात रुग्ण परत येतो. पंधराव्या, तिसाव्या दिवशी, अगदी तारीख ठरवून. मी एका प्रकल्पात फेलो होतो, संधिवाताच्या. संमतिपत्र कोकणी-मराठीत समजावून सांगायचं, केस रेकॉर्ड फॉर्म भरायचा, मधल्या काळात वेदनाशामक घेतलं का ते खोदून विचारायचं. नेमकं निरीक्षण म्हणजे काय ते मला इथेच कळलं. अडचण अशी की आजींचा गुडघा दुखतोय त्याहून त्यांची झोप उडालीय हे दिसत असतं, पण प्रोटोकॉलबाहेर एक चूर्णसुद्धा देता येत नाही. आणि प्रकल्प संपला की कामही संपतं. एमडी करायची तयारी असेल तर हा रस्ता नक्कीच चांगला. 11 डिसेंबर 2022 ला धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं उद्घाटन झाल्यापासून गोव्यातल्या मुलांना त्यासाठी दिल्लीकडेच बघत बसावं लागत नाही. होमिओपॅथीवाल्यानं मात्र मन घट्ट करून जावं. उच्च पोटन्सीत, म्हणजे पुन्हा पुन्हा पातळ केलेल्या औषधात, मूळ द्रव्याचा रेणूही उरत नाही, मग प्लासिबोहून वेगळं काय, हा प्रश्न तिथे रोज समोर येणार. आणि आजवरच्या अभ्यासांचं उत्तर होमिओपॅथीच्या बाजूनं झुकलेलं नाही.

बाकीच्या नोकऱ्या थोडक्यात. विम्याचे दावे तपासणं, मेडिकल कोडिंग, शाळा-अंगणवाड्यांतून मुलं तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य पथकात जाणं. साखळी गावचा माझा एक बीएचएमएस मित्र दिवसा घरून दावे तपासतो आणि संध्याकाळी क्लिनिक उघडतो. डिस्चार्ज समरीतली विसंगती त्याला माझ्याआधी दिसते. त्याच्या क्लिनिकचा खर्च टेबल, औषधांच्या बाटल्या आणि भाडं एवढाच, त्यामुळे ही जोडी त्याला छान जमते.

आयुर्वेदवाल्याचं तसं नाही. तेल-मालिशची द्रोणी, स्वेदनाची पेटी, एक पुरुष आणि एक स्त्री परिचारक, आणि तेल. तेलाच्या किमतीचा अंदाज सगळे करतात, तेलाच्या वाटेचा कोणी करत नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात माझ्या घरमालकिणीच्या न्हाणीघराची मोरी तुंबली. आता धुण्याआधी टॉवेल पिठानं पुसतो आणि मोरीला तेल अडवणारी छोटी टाकी बसवली आहे. हे कॉलेजात शिकवलं जात नाही.

क्लिनिकमधली खरी परीक्षा पावसाळ्यात असते. ताप, अंगदुखी, डोळे लाल, आणि ‘डॉक्टर, एक इंजेक्शन द्या’. तो शेतात पाण्यात उभा राहिलेला असेल तर माझ्या डोक्यात आधी लेप्टो, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, येतो. मी इंजेक्शन देत नाही, त्याच दिवशी तपासणीला पाठवतो. एका होमिओपॅथनं ॲलोपॅथीची औषधं दिली, तो निष्काळजीपणाच, असं सुप्रीम कोर्टानं 1996 मध्येच ठरवलं आहे. पहिली दोन वर्षं असे रुग्ण पाठवताना खिसा रिकामा राहतो. तेवढ्या काळाची तजवीज नसेल तर आधी दोन हंगाम रिसॉर्टमध्ये काढा, हात तयार होईल. फक्त तिथे मुक्काम ठोकू नका, असं आपलं मला वाटतं.

गेल्या महिन्यात सावईवेऱ्याच्या एका बागायतदाराचं विरेचन केलं, सोळा दिवस धरून. संसर्जनाच्या तिसऱ्या रात्री त्याचा फोन आला, ‘डॉक्टर, फाल्यां नुस्तें चलता?’ उद्या मासे चालतील का, असं विचारत होता. नाही म्हटलं. चौथ्या रात्री पुन्हा आला.