तक्रारपत्र बिलावर बेतायचं की वॉरंटी कार्डावर?

गिरगावातल्या माझ्या मावशीने दादरच्या एका दुकानातून ७५० वॅटचा मिक्सर घेतला. एकोणिसाव्या दिवशी खोबरं वाटताना जळका वास आला आणि मोटर बसली. दुकानदाराने हात झटकले, "कार्डावरच्या नंबरला फोन करा." पत्र लिहायला मी बसलो तेव्हा फोनमध्ये दोन फोटो होते, एक बिलाचा, एक कार्डाचा. प्रश्न हा की पत्र कशावर उभं करायचं?

कार्डाचा फोटो मोठा करून वाचला. मोटरला पाच वर्षं, बाकी मिक्सरला दोन. भांडी, कपलर आणि कार्बन ब्रश वॉरंटीबाहेर. खाली बारीक अक्षरांत होतं, "दुरुस्ती की बदली, हे कंपनी ठरवेल." पैसे परत करण्याचा शब्दही नाही. कार्डावर पत्र बेतलं की मागणी दुरुस्तीपुरती उरते. शिवाय दुकानदाराने शिक्का मारलाच नव्हता, म्हणजे खरेदीची तारीख सिद्ध करायला शेवटी बिलच लागणार.

बिलाचा आधार वेगळा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, नसेल तर तीस दिवस. मावशीच्या बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलं होतं. पण ती काही मुदत नव्हे, म्हणून आम्ही तीस दिवसच धरले.

बिलाच्या फोटोत मात्र एक गोची होती. फ्लॅशने मिक्सरच्या अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पांढरे पडले होते. बिल थर्मल कागदाचं, ते पुढे फिकटणारच. म्हणून खिडकीजवळच्या उजेडात चारही कोपरे येतील असा पुन्हा फोटो काढला आणि मिक्सरच्या बुडाच्या पट्टीवरचा क्रमांक बिलाशी ताडून पाहिला.

मग लिहिलं:

"बिल क्र. … अन्वये ४ ऑगस्ट रोजी आपल्याकडून घेतलेल्या मिक्सरची मोटर २३ ऑगस्टला नेहमीच्या वापरात जळाली. वस्तू सदोष असल्याने ती परत घेऊन संपूर्ण रक्कम १५ दिवसांत द्यावी. बिल, कार्ड व अनुक्रमांकाचे फोटो सोबत जोडले आहेत."

"दुरुस्त करून द्या" हे शब्द मुद्दाम टाळले. एकदा लिहिले की दुकानदार तेच धरून बसतो. पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं, पोहोच जपून ठेवली.

तीस दिवस उलटून गेले असतील तर मी कार्डच निवडेन. पत्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, प्रत दुकानाला, आणि कार्डावरच्या कलमाचा क्रमांक नेमका लिहायचा. प्रत्येक दुरुस्तीची जॉब शीट मागून घ्या. तोच बिघाड तिसऱ्यांदा झाला की या जॉब शीटच पुरावा. दोन्हीकडे दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.