पुरात ट्रायाज: स्टार्ट की सॉल्ट?

बोटीतून उतरलेली एक बाई स्वतः चालत येते. ती खोकते आहे, तोंडाला फेस आहे आणि श्वास मिनिटाला ३४. ट्रायाजमध्ये, म्हणजे कोणावर आधी उपचार करायचे हे टॅगच्या रंगाने ठरवताना, तिला कोणता रंग द्यायचा: लगेच उपचारांचा लाल की थांबू शकणाऱ्यांचा हिरवा?

स्टार्ट पद्धतीत पहिला प्रश्न 'चालता येतं का?' हाच. येत असेल तर हिरवा टॅग आणि पुढचा रुग्ण. श्वास ३०च्या वर असेल तर लाल, हा नियम स्टार्टमध्येही आहे, पण चालणाऱ्यापर्यंत तो पोहोचतच नाही. सॉल्ट या दुसऱ्या पद्धतीत चालणं फक्त तपासणीचा क्रम ठरवतं. चालणारे शेवटी तपासतात, पण तपासतात प्रत्येकाला. श्वासाचा त्रास दिसला आणि वाचण्याची शक्यता असली की ही बाई लाल होते. पाणी फुफ्फुसात गेलेला माणूस काही तासांतही ढासळू शकतो, म्हणून पुरासाठी मला हा फरक सर्वांत मोलाचा वाटतो.

स्टार्ट शिकवायला सोपी, आकडे ठरलेले, नवख्या हातांनाही जमते. तिच्यात केशिका पुनर्भरणाची चाचणी, म्हणजे बोट दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परत येतो ते बघणं, वापरत असाल तर सावध राहा: गारठलेल्या बोटांत रंग दोन सेकंदांत परत येत नाही, मग धडधाकट माणूसही लाल ठरतो. तिथे मनगटाची नाडी बघा, तीही थंडीत क्षीण लागते. सॉल्ट मात्र निर्णय नर्सवर सोडते, त्यामुळे सराव जास्त लागतो.

हिरवे टॅगवाले निवारा केंद्रात जातात. तिथे दारातच श्वास पुन्हा मोजा, झोपण्यापूर्वी आणखी एकदा.