आठ रिफ्रेश पुरतात, पण वाया गेले नाहीत तर: पॉवर बीआय आणि गेटवेचा नऊ महिन्यांचा अनुभव

लातूरच्या एमआयडीसीत आमचा सोयाबीनचा कारखाना आहे. वजनकाट्यावर गाडीची नोंद झाली की ती ऑफिसातल्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये जाते. शेठला तोच आकडा मोबाइलवर हवा होता: आज किती गाड्या, किती क्विंटल, गोदामात किती जागा. म्हणून पॉवर बीआय प्रो घेतलं. नऊ महिने झाले.

प्रोमध्ये एका डेटासेटला दिवसाला आठच रिफ्रेश वेळेवर लावता येतात (प्रीमियममध्ये 48). वेळा पूर्ण किंवा अर्ध्या तासाच्याच मिळतात. सुरुवातीला मी आठही सारख्या अंतराने पेरल्या, रात्री दोनचीसुद्धा. रात्री दोनला काट्यावर कुत्रं नसतं! नंतर गाड्यांचा ओघ बघून बसवल्या: सकाळी 8, 10, 11:30, 1, 2:30, 4, 5:30 आणि रात्री 8. लावलेली वेळ म्हणजे सुरू व्हायची वेळ, तीही अंदाजे. कधी पंधरा मिनिटं उशीर होतो, गर्दी असली तर तासभरही. त्यामुळे साडेनऊच्या बैठकीसाठी नऊचा रिफ्रेश धरून बसू नका. अडलंच तर हाताने Refresh now दाबता येतं, ते या आठात मोजत नाहीत. आम्हाला आठ कधी कमी पडले नाहीत. त्रास झाला तो वेगळ्याच ठिकाणी.

आमचा सर्व्हर कंपनीच्या आतल्या नेटवर्कवर, रिपोर्ट क्लाउडवर. दोघांच्या मधे गेटवे लागतो. हा विंडोजवर चालणारा छोटा प्रोग्राम स्वतःच बाहेर जोडणी करतो, म्हणून फायरवॉलमध्ये आत येणारा पोर्ट उघडावा लागत नाही. पण ज्या पीसीवर तो बसवलाय तो पीसी रिफ्रेशच्या वेळी चालू पाहिजे. मी तो अकाउंट्सच्या एका रिकाम्या पीसीवर टाकला. चूक माझीच.

ऐन हंगामातल्या एका रविवारी नऊच्या सुमारास लाइट गेली. काटा आणि सर्व्हर जनरेटरवर होते, त्यामुळे गाड्या येत राहिल्या, नोंदी होत राहिल्या. गेटवेचा पीसी मात्र साध्या प्लगवर होता, तो बंद. आठचा रिफ्रेश आधीच झालेला. दहा, साडेअकरा, एक, अडीच असे चार ओळीने फसले. आणि सलग चार फसले की पॉवर बीआय ते वेळापत्रकच बंद करून टाकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. साडेतीनला लाइट आली, पीसी कुणीतरी चालू केला, गेटवे ऑनलाइन दिसायला लागला. तरी चारचा रिफ्रेश झाला नाही, साडेपाचचा नाही, रात्री आठचाही नाही.

सोमवारी सकाळी शेठनी मोबाइलवर गोदामात भरपूर जागा बघितली आणि दलालाला आणखी गाड्या सांगितल्या. दहा वाजता काट्यावरच्या मामांचा फोन: "गाड्या रांगेत उभ्यात, गोदामात पाय ठेवायला जागा नाही. अन् तुमचा रिपोर्ट रिकामं दाखवतो, कामून?" रिफ्रेश फसल्याचे मेल आले होते, पण डेटासेट ज्या खात्याच्या नावावर होता त्या खात्यावर. ते मेल कोणी उघडतच नाही.

रिपोर्ट शिळा झाला तरी चेहऱ्यावर काही दिसत नाही. आकडे तितकेच ठसठशीत. म्हणून आता वर एक ओळ टाकली आहे:

```
LastEntry = FORMAT(MAX(Kata[EntryTime]), "dd-mm-yyyy hh:nn")
```

इथे घड्याळातली आत्ताची वेळ मुद्दाम घेतलेली नाही. क्लाउडवर ती यूटीसीत येते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. काट्यावरची शेवटची नोंद किती वाजताची, हे शेठलाही कळतं.

गेटवे आता सर्व्हरशेजारच्या यूपीएसवरच्या पीसीवर हलवला. स्लीप बंद केलं आणि लाइट आल्यावर पीसी आपोआप सुरू व्हावा अशी बायोसमध्ये सेटिंग केली. गेटवे सर्व्हिस म्हणून चालतो, कुणी लॉगिन करायची गरज नाही. बसवताना दिलेली रिकव्हरी की वहीत लिहून ठेवली होती म्हणून हलवणं तासाभरात झालं. ती हरवली असती तर सगळं नव्याने जोडावं लागलं असतं. फसल्याचा मेल माझ्यासह काट्याच्या सुपरवायझरलाही जातो. लाइट लांबली की मी Refresh history उघडतो, आणि वेळापत्रक बंद पडलेलं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन हाताने पुन्हा चालू करतो. ते आपलं आपण उठत नाही.

एका गोष्टीत माझे दोन दिवस गेले. डेस्कटॉपवर रिपोर्ट बनवताना मी सर्व्हरचा आयपी पत्ता टाकला होता, गेटवेवर कॉम्प्युटरचं नाव. मशीन तीच, पण पॉवर बीआयला ते दोन वेगळे सर्व्हर, त्यामुळे गेटवे जोडायला पर्यायच येईना. दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखं लिहिल्यावर लागलीच जमलं. आणि डेटाबेससाठी एखाद्या माणसाचं विंडोज लॉगिन देऊ नका. त्याने पासवर्ड बदलला की रिफ्रेश बंद. आम्ही फक्त वाचण्यापुरतं वेगळं एसक्यूएल लॉगिन केलंय.

प्रोचं लायसन्स यंदाही चालू ठेवतोय. प्रीमियमचा विचार मी एकदा केला होता, पण त्या रविवारी 48 असते तरी चार फसल्यावर तेही थांबलेच असते, आणि अर्ध्या तासाच्या हिशेबाने साडेअकराच्या आतच.