उशीर-लवकरची गणितं: गुणोत्तराने सोडवावीत की x धरून?

राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत पोलीस भरती किंवा तलाठी भरतीची तयारी करणारी मुलं काळ-काम-वेगाचा धडा काढून बसली, की हा वाद ठरलेला. एक जण म्हणतो, गुणोत्तर मांड, अर्ध्या मिनिटात उत्तर येतं. दुसरा म्हणतो, x धर, वेळ गेला तरी चालेल पण चुकायला नको. दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या गणितांसाठी. वेगातला बदल प्रश्नात कसा सांगितलाय, यावर पद्धत ठरते.

सर्वांत साधा प्रकार आधी घेऊ. एक मुलगी रोज रंकाळ्याहून सायकलने विद्यापीठात जाते. आज तिने नेहमीच्या वेगाच्या ३/४ वेगाने सायकल चालवली आणि तिला १० मिनिटं उशीर झाला. तर तिला रोज किती वेळ लागतो?

अंतर तेच असेल तर वेग आणि वेळ व्यस्त प्रमाणात बदलतात. वेग ३/४ झाला, म्हणजे वेळ ४/३ झाला. नेहमीचा वेळ ३ भाग, आजचा ४ भाग. जास्तीचा एक भाग म्हणजेच १० मिनिटं, म्हणून नेहमीचा वेळ ३० मिनिटं. गणित इथेच संपलं.

आता हेच x धरून करू. अंतर x, नेहमीचा वेग y.

x ÷ (३y/४) − x/y = १०
४x/३y − x/y = १०
x/३y = १०

इथे बरीच मुलं थांबतात. दोन अज्ञात आणि समीकरण एकच, मग सुटणार कसं? पण आपल्याला x नको आहे आणि y पण नको आहे. x/y हाच नेहमीचा वेळ आणि तो ३० आला. अंतर न देताही वेळ काढता येतो, हे ज्याला कळलं त्याला या धड्याचं निम्मं मर्म कळलं. तरीही या प्रकाराला गुणोत्तरच घ्यावं असं माझं ठाम मत आहे, कारण समीकरणात अपूर्णांकाखाली अपूर्णांक येतो आणि घाईत चूक होते ती तिथेच.

गुणोत्तरातही एक ठरावीक चूक होते. वेग १/४ ने कमी झाला, म्हणून १० मिनिटं म्हणजे वेळेचा १/४, असं धरलं की उत्तर ४० येतं आणि पर्यायांत ४० हमखास असतं. ताळा करा: रोज ४० मिनिटं लागत असतील तर ३/४ वेगाने ५३ मिनिटं २० सेकंद लागतील, उशीर होईल १३ मिनिटं २० सेकंद. म्हणजे ४० नक्की चूक. ३० चा ताळा ४०, उशीर बरोबर १०. शेकडेवारीतही हेच लक्षात ठेवायचं: वेग २५ टक्क्यांनी वाढला तर वेळ २५ नाही, २० टक्क्यांनी कमी होतो.

दुसऱ्या प्रकारात दोन प्रत्यक्ष वेग दिलेले असतात. ताशी १२ किमीने गेलं तर ५ मिनिटं उशीर, ताशी १५ किमीने गेलं तर ३ मिनिटं लवकर. अंतर किती? वेगांचं गुणोत्तर ४:५, म्हणून वेळांचं ५:४. एक भाग म्हणजे दोन वेळांतला फरक, ५ + ३ = ८ मिनिटं. ताशी १२ ने लागलेला वेळ ५ × ८ = ४० मिनिटं, अंतर ८ किमी. समीकरणाने x/१२ − x/१५ = ८/६०, म्हणजे x/६० = ८/६०, पुन्हा ८ किमी. इथे दोन्ही पद्धती तुल्यबळ आहेत, हाताला जी बसली असेल ती घ्या. काळजी दोनच ठिकाणी घ्यायची. एक उशीर आणि एक लवकर असेल तर मिनिटांची बेरीज, दोन्ही उशीर किंवा दोन्ही लवकर असतील तर वजाबाकी. आणि ‘वेळेवर पोहोचायला वेग किती हवा’ असं विचारलं तर १२ आणि १५ ची सरासरी १३.५ लिहायची नाही. वेळेवर म्हणजे ३५ मिनिटांत ८ किमी, वेग येतो ताशी १३ ५/७ किमी.

तिसऱ्या प्रकारात मात्र गुणोत्तरवाल्याची अडचण होते. एका गाडीने वेग ताशी १० किमीने वाढवला तर ती १२ मिनिटं लवकर पोहोचते, ताशी ८ किमीने कमी केला तर १५ मिनिटं उशिरा. नेहमीचा वेग किती, अंतर किती? इथे १० ने वाढवला म्हणजे किती पट झाला, हेच माहीत नाही, कारण मूळ वेगच अज्ञात आहे. भाग पाडायचे कशाचे? मुलं इथे १०:८ असं गुणोत्तर मांडतात आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. सरळ नेहमीचा वेग x आणि नेहमीचा वेळ y मिनिटं धरावा. तिन्ही वेळा अंतर तेच, म्हणून:

(x + १०)(y − १२) = xy
(x − ८)(y + १५) = xy

कंस सोडवले की xy दोन्हीकडून जातो आणि साधी समीकरणं उरतात:

१०y − १२x = १२०
१५x − ८y = १२०

पहिल्यावरून y = १२ + १.२x. ते दुसऱ्यात ठेवलं की ५.४x = २१६, म्हणून x = ४०, y = ६०. वेग ताशी ४० किमी, वेळ एक तास, अंतर ४० किमी. ताळा: ताशी ५० ने ४८ मिनिटं, ताशी ३२ ने ७५ मिनिटं. या मांडणीत अंतरासाठी वेगळं अक्षर घेतलं नाही, त्यामुळे भागाकार आलाच नाही. x ताशी किमीत आणि y मिनिटांत असला तरी समीकरण बिघडत नाही. शेवटी अंतर काढताना तेवढं ६० ने भागायचं.

राहिला सगळ्यांत घाबरवणारा प्रकार, वाटेत बिघाड होण्याचा. मध्यवर्ती बस स्थानकातून एक एसटी सुटली. अर्धा तास नेहमीच्या वेगाने गेली, मग इंजिनात बिघाड होऊन वेग ३/५ झाला आणि ती ४० मिनिटं उशिरा पोहोचली. बिघाड आणखी २० किमी पुढे झाला असता तर उशीर २० मिनिटांचाच झाला असता. एकूण अंतर किती?

प्रश्न लांबलचक दिसतो, म्हणून मुलं लगेच x कडे वळतात. पण बदल ‘३/५’ असा सांगितलाय, तेव्हा गुणोत्तरच चालवा, फक्त बिघाडानंतरच्या वाटेपुरतं. तिथे वेळ ५/३ झाला, जास्तीचा २/३ म्हणजे ४० मिनिटं, म्हणून उरलेल्या वाटेचा नेहमीचा वेळ ६० मिनिटं. आधीची ३० धरून पूर्ण प्रवास ९० मिनिटांचा. आता ते २० किमी: तेवढ्या वाटेवर मंद वेग टळला तर २० मिनिटं वाचतात, म्हणजे त्या वाटेच्या नेहमीच्या वेळेचा २/३ भाग २० मिनिटं, नेहमीचा वेळ ३० मिनिटं. २० किमीला ३० मिनिटं, वेग ताशी ४० किमी, अंतर ६० किमी. सुरुवातीची ३० मिनिटं गुणोत्तरात ओढली, म्हणजे ४० मिनिटांवरून पूर्ण प्रवासच ६० मिनिटांचा धरला, तर अंतर ४० किमी येतं. या गणितात उत्तर चुकलं, तर आधी तीच जागा तपासा.