थायरॉइडची गोळी आणि क्रिएटिन: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्नायूंच्या ताकदीसाठी घेतात त्या क्रिएटिन पावडरीबद्दल तक्रार नाही. साधं मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम, लोडिंग म्हणजे सुरुवातीचे मोठे डोस न घेता. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, आणि क्रिएटिन यांची थेट आंतरक्रिया आजवर नोंदलेली नाही. तरी गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत आणि क्रिएटिन दुपारच्या जेवणानंतर, हेच सोयीचं. गोळीचं शोषण बिघडवतात ते कॅल्शियम आणि लोह, त्यामुळे ज्या मिश्रणात ते असतील त्यात आणि गोळीत चार तासांचं अंतर हवंच.

खरा वैताग आहे रिपोर्टमधल्या क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम जोखायला रक्तात मोजतात त्या घटकाचा. क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, म्हणून किडनी ठणठणीत असतानाही आकडा थोडा चढतो. आता ३८ वर्षांची बाई घ्या. क्रिएटिनिन ०.८ असताना तिचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, साधारण ९७ येतो, तेच १.० झालं की ७४. फरक ०.२ चा, पण कागदावर किडनीचं काम चतुर्थांशाने घटलेलं दिसतं. त्यात थायरॉइड कमी पडत असेल तर क्रिएटिनिन त्यानेही वाढतं आणि सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइमही रक्तात वर जातं. मग दोष पावडरीचा की गोळीच्या अपुऱ्या डोसचा, हे एका रिपोर्टवरून कळायला मार्ग नाही.

यावर किडनीसाठीचीच सिस्टॅटिन सी ही दुसरी रक्ततपासणी करा, असा सल्ला सर्रास मिळतो. सुरुवातीला तो पक्का वाटला, आता तो अर्धाच बरोबर वाटतो. सिस्टॅटिन सी क्रिएटिनने हलत नाही, पण थायरॉइडने हलतं. टीएसएच हा थायरॉइडला चालना देणारा हार्मोन वाढलेला असताना, म्हणजे थायरॉइड कमी पडत असताना, सिस्टॅटिन सी खरं असतं त्यापेक्षा कमी येतं, म्हणजे किडनी आहे त्याहून चांगली दिसते. म्हणून आधी टीएसएच जागेवर आणायचा, डोस बदलला असेल तर सहा ते आठ आठवडे थांबायचं, मगच ही महागडी तपासणी करायची. लघवीतलं अल्ब्युमिन मात्र आधीही तपासता येतं, स्वस्तही पडतं. ते वाढलेलं आलं तर क्रिएटिनच्या माथी मारू नका, पावडर थांबवून डॉक्टरांना दाखवा. किडनीचा आजार आधीच असेल तर त्यांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

तपासणीआधी दोन दिवस पावडर बंद ठेवून भागत नाही. स्नायूंतला साठा उतरायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यापेक्षा क्रिएटिन सुरू करण्याआधीच क्रिएटिनिन आणि टीएसएच एकदा करून घ्या, पुढचे आकडे त्याच्याशी ताडून बघता येतात. रक्त देण्याच्या आदल्या दिवशी जोरदार व्यायाम टाळा, सीपीके त्यानेही चढतं.

चवीच्या, 'केस आणि त्वचेसाठी'वाल्या महाग मिश्रणांत बायोटिन आहे का, तेही डब्यावर वाचा. मोठ्या डोसचं बायोटिन काही लॅबच्या पद्धतींत टीएसएच खोटा कमी आणि टी-४ हा थायरॉइडचा हार्मोन खोटा जास्त दाखवतं, आणि मग गरज नसताना गोळीचा डोस घटवला जातो. बिनचवीच्या साध्या पावडरीत ही भानगड नाही, शिवाय ती स्वस्तही पडते.