आजोबांच्या टीव्हीवरील नेटफ्लिक्स: प्रोफाइलला कुलूप लावावे की वयाची मर्यादा घालावी?

राजारामपुरीतील आमच्या घरी आई-वडील दोघेच राहतात आणि शाळा सुटल्यावर माझ्या बहिणीची दोन मुले संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे असतात. धाकटा सहा वर्षांचा आहे, थोरली तेरा वर्षांची. बाबा पाचच्या सुमारास रंकाळ्यावर फिरायला जातात, आई स्वयंपाकघरात असते आणि रिमोट मुलांच्या हाती राहतो. अशा घरात नेटफ्लिक्सची मांडणी कशी करावी, हे ठरवू पाहणाऱ्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांना मदत करणाऱ्या मुलामुलींसाठी हा आढावा आहे. खाते घरातलेच आहे असे यात गृहीत धरले आहे, कारण 2023 च्या जुलैपासून भारतातही एक खाते एकाच घरासाठी, असा त्या कंपनीचा नियम लागू आहे आणि पुण्यातील मुलाचे खाते कोल्हापूरच्या टीव्हीवर चालेलच असे नाही.

एका खात्यात पाच प्रोफाइल करता येतात. प्रोफाइल म्हणजे घरातल्या प्रत्येकाचा वेगळा कप्पा. कोणी काय पाहिले, कुठे थांबवले आणि पुढे काय सुचवायचे, याची नोंद त्या त्या कप्प्यात राहते. पाच प्रोफाइल केली म्हणून पाच जण एकाच वेळी पाहू शकतील असे मात्र नाही, कारण ती संख्या घेतलेल्या योजनेवर ठरते. आई मोबाइलवर आणि मुले टीव्हीवर एकाच वेळी पाहू लागल्यावर एखादा पडदा अडला, तर सेटिंग बिघडले असे समजू नये.

मुलांसाठी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे `Kids` प्रकारचे प्रोफाइल. त्यात फक्त लहान मुलांसाठीचे कार्यक्रम येतात, चित्रे मोठी असतात आणि खात्याच्या सेटिंगपर्यंत तेथून पोहोचता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे साधे प्रोफाइल करून त्याला वयाची मर्यादा घालणे. भारतात 2021 च्या नियमांनुसार अशा सेवांवरील कार्यक्रमांचे पाच गट केलेले आहेत: सर्वांसाठी, 7+, 13+, 16+ आणि फक्त प्रौढांसाठी. मर्यादा 13+ ठेवली की त्याहून वरच्या गटातील कार्यक्रम त्या प्रोफाइलमध्ये यादीत दिसत नाहीत आणि शोधूनही सापडत नाहीत. धाकट्यासाठी पहिला मार्ग निःसंशय बरा. थोरलीला मात्र `Kids` मध्ये बसवले, तर ती आठवडाभरात कंटाळून आजोबांच्या प्रोफाइलमध्ये शिरेल. तिला 13+ मर्यादेचे स्वतःचे प्रोफाइल द्यावे. गटात बसणारा, पण आपल्याला न पटणारा एखादाच कार्यक्रम असेल, तर त्याचे नाव देऊन तेवढाच बंद करण्याचीही सोय आहे.

बहुतेक घरांत काम येथेच थांबते, आणि आमच्याकडेही तसेच झाले. मी धाकट्याचे प्रोफाइल नीट करून दिले आणि निश्चिंत झालो. दुसऱ्याच दिवशी तो बाबांच्या प्रोफाइलमध्ये गुन्हेगारीची मालिका लावून बसलेला आईला दिसला. चूक माझी होती. `Kids` मधून आत कोणते कार्यक्रम यायचे ते ठरते, पण त्यातून बाहेर पडून शेजारचे प्रोफाइल उघडायला काहीच लागत नाही. म्हणून खरा निर्णय मुलांच्या प्रोफाइलविषयीचा नसून आजी-आजोबांच्या प्रोफाइलविषयीचा आहे.

तेथेही दोन पर्याय आहेत. पहिला `Profile Lock`, म्हणजे प्रोफाइल उघडताना विचारला जाणारा चार आकड्यांचा पिन. त्याचा फायदा असा की आजोबांना हवे ते सगळे पाहता येते. अडचण वापरातली आहे. टीव्हीवर पिन देताना पडद्यावरील आकड्यांवरून ठळक चौकट एकेक घर सरकवावी लागते, बाबांना चष्मा लावून त्यात बराच वेळ जातो आणि शेजारी बसलेले पोर सगळे पाहत असते. चौथ्या दिवशी धाकटा म्हणाला, “आजोबा, तुमचा आकडा मी बघितला की!” पिन जन्मसालाचा होता, त्यामुळे त्याला तो पाठही लगेच झाला. पिन विसरला तर खात्याचा पासवर्ड देऊन नवा ठेवता येतो, तेव्हा विसरण्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

दुसरा पर्याय म्हणजे आजी-आजोबांच्या प्रोफाइललाच 13+ मर्यादा घालून ते बिनकुलपाचे ठेवणे. जे ज्येष्ठ जुने चित्रपट, प्रवास आणि पाककृतींचे कार्यक्रम एवढेच पाहतात, त्यांचे यात काही अडत नाही आणि रोज पिन देण्याचा त्रास वाचतो. बाबांना मात्र पोलिसी मालिका लागतात, त्यांतल्या बऱ्याच 16+ गटातल्या असल्यामुळे त्या नाहीशा झाल्या आणि “माझं सगळं गेलं कुठं?” असा फोन मला आला.

शेवटी आम्ही दोन्ही पर्याय वापरले. आईच्या प्रोफाइलला 13+ मर्यादा घातली आणि कुलूप ठेवले नाही. बाबांच्या, म्हणजे खात्याच्या मुख्य प्रोफाइलला मर्यादा नाही, पण नवा पिन आहे, आणि तो मुले घरी गेल्यावर रात्रीच द्यायचा असे ठरले. मुख्य प्रोफाइलला कुलूप हवेच, याचे आणखी एक कारण आहे. कुलूप लावताना, नवे प्रोफाइल करण्यासाठीही हाच पिन मागावा का, असे विचारणारी एक चौकट तेथे येते. ती निवडली नाही, तर तेरा वर्षांची मुलगी स्वतःसाठी मर्यादा नसलेले नवे प्रोफाइल दोन मिनिटांत तयार करू शकते. म्हणजे ज्यांना पिन नकोच वाटतो, त्यांनीही निदान एका प्रोफाइलला तो ठेवणे भाग आहे.

हे बदल टीव्हीवर करत बसू नये. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये `netflix.com/account` उघडावे, `Profiles` मध्ये जाऊन हवे ते प्रोफाइल निवडावे आणि तेथे वयाची मर्यादा व कुलूप ठरवावे. ठरवण्यापूर्वी खात्याची खातरजमा केली जाते, म्हणजे पासवर्ड किंवा मोबाइलवर वा ईमेलवर आलेला कोड द्यावा लागतो. या व्यवस्थेचा सर्वांत कच्चा दुवा हाच आहे: आजीचा मोबाइल दिवसभर नातीच्या हातात असेल, तर तो कोडही तिच्याच हाती पडतो. खात्याला जोडलेला नंबर आणि ईमेल यासाठीच बहिणीचा ठेवला. शिवाय हे सगळे नेटफ्लिक्सपुरतेच आहे. त्याच रिमोटवरून यूट्यूब उघडले, तर यातली एकही मर्यादा तेथे लागू होत नाही.

बदल टीव्हीवर दिसत नसेल, तर दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जाऊन परत यावे. मग बाबांच्या प्रोफाइलमधील 16+ गटातल्या एखाद्या मालिकेचे नाव लक्षात ठेवून ते थोरलीच्या प्रोफाइलमध्ये शोधावे आणि ती मालिका सापडत नाही ना, ते पाहावे. त्यानंतर नवे प्रोफाइल जोडण्याच्या चिन्हावर स्वतः जाऊन पाहावे. पिन न विचारता नाव लिहायची जागा आली, तर ती चौकट निवडायची राहून गेली आहे.